अपूप, मालपुवा आणि जाळी

२०२३ साली अधिक श्रावण आला तेव्हा आमच्याकडे एक छोटासा वाद झाला. पुतणीचे सासर अजमेरचे. जावयाला ३३ अनारसे द्यायचे म्हणून वहिनींनी तांदूळ भिजत घातले आणि तिकडून विहीणबाईंचा फोन आला, की अधिक महिन्यात काशाच्या ताटात घालून द्यायचे असतात ते मालपुवे. अनारसा कुठून आला? वहिनी माझ्याकडे आल्या. मी शाळेत बत्तीस वर्षे संस्कृत आणि इतिहास शिकवला, त्यामुळे घरातले असले तंटे माझ्याकडेच येतात.

व्रताच्या संस्कृत ग्रंथांत शब्द आहे 'अपूप'. ३३ अपूपांचे दान. आपण त्याचा अर्थ अनारसा करतो, उत्तरेत मालपुवा करतात. भाषेच्या नात्याने पाहिले तर विहीणबाईंची बाजू वरचढ ठरते. अपूपाचा 'अ' गळून 'पूप' झाले, प्राकृतात 'प'चा उच्चार विरघळून 'पूव', 'पूअ' झाले आणि तिथून हिंदीतला पुआ आणि आपला पुवा आला. नाव सरळ वारशाने आले आहे. पदार्थही तसाच आला का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

अपूप ऋग्वेदात आहे. तिसऱ्या मंडलात इंद्राला भाजलेले धान्य आणि करंभ यांच्याबरोबर अपूप दिला जातो; दहाव्या मंडलात अग्नीसाठी तुपाने युक्त अपूप येतो. याचे भाषांतर अनेक जण 'तुपात तळलेला मालपुवा' असे बेधडक करतात, ते मला पटत नाही. शब्द एवढेच सांगतात, की अपूपाला तूप होते. तो तव्यावर किंवा निखाऱ्यावर भाजून वरून तूप ओतलेलाही असू शकेल. शिवाय ऋग्वेदातले धान्य म्हणजे यव, अर्थात जव. जवाच्या पिठाला गव्हासारखा चिवट ताण नसतो. त्याची जाड, खुसखुशीत भाकरीवजा वडी छान होते. पण पातळ पीठ तुपात सोडले तर कडेला जाळी धरून ठेवण्याची ताकद त्यात फारशी नाही. म्हणून पहिल्या अपूपाला झालर नसावी असे माझे अनुमान आहे.

पाणिनीच्या काळापर्यंत मात्र अपूप चांगलाच रुळलेला दिसतो. अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात एक नियम आहे, त्यानुसार अपूपासाठी योग्य अशा जिन्नसाला 'अपूप्य' किंवा 'अपूपीय' अशी दोन्ही रूपे चालतात. वर्गात हे सूत्र शिकवताना मुले कंटाळत. मला मात्र त्यात एक स्वयंपाकघर दिसते. कशाचा अपूप चांगला होईल आणि कशाचा नाही, हे लोक बोलत होते, म्हणून तर त्याला शब्द लागला. व्याकरणकार बाजारातला शब्द टिपून ठेवतो तो असा.

जाळीदार मालपुवा मी पहिल्यांदा नीट पाहिला तो पुष्करला, १९८१च्या दिवाळीच्या सुट्टीत. पुष्कर आपल्याला वाटते तितके परके नाही. अजमेर १८१८ पर्यंत शिंद्यांकडे होते, आणि तिथल्या ब्रह्मदेवाच्या मंदिराचा जीर्णोद्धार १८०९ साली झाला तो शिंद्यांच्याच एका कारभाऱ्याने केलेला. गाव तीर्थाचे, म्हणून सगळे शाकाहारी. मुंबईत रमझानच्या रात्री मिळणाऱ्या मालपुव्यात अंडी असतात. पीठ बांधून ठेवण्याचे काम अंडे करते आणि मालपुवा जाड, लुसलुशीत होतो. पुष्करच्या मालपुव्यात ते काम आटवलेले दूध आणि थोडा मैदा मिळून करतात. तिथली जाळी या दोघांच्या हिशेबावर उभी आहे.

त्या दिवशी एका हलवायाच्या दुकानासमोर मी जवळजवळ तासभर उभी होते. रबडीइतके घट्ट नाही, पण निम्म्यावर आलेले दूध, त्यात मैदा कालवून अर्धा तास मुरवलेला. समोर तई, म्हणजे सपाट बुडाची उथळ, पसरट कढई. त्यात तूप जेमतेम दीड बोट. पहिला मालपुवा त्याने वाटीच्या धारेने सोडला. पीठ भराभर पसरले, कड इतकी विरळ झाली की तिचे तुकडे सुटून तुपावर तरंगू लागले. त्याने तो झाऱ्याने गोळा करून बाजूला टाकला, पिठात मूठभर मैदा भुरभुरला, नीट घोटला आणि काही न बोलता दहा मिनिटे थांबला. गिऱ्हाईक ताटकळत होते, तरी थांबला. मैद्याला ओल पिऊन फुगायला तेवढा वेळ लागतोच. लगेच सोडले असते तर दुसराही तसाच फुटला असता. दुसरा मालपुवा मधे जरा जाड, कडेला कागदासारखा आणि सगळीकडून भोके पडलेला असा उतरला. पुढे पीठ बसून घट्ट होऊ लागले आणि मालपुव्याची कड पुरीसारखी गोल, बंद यायला लागली, तेव्हा त्याने दुधाचा एक डाव घातला. मोजमाप त्याने कुठेच केले नाही. मोजमाप म्हणजे मागचा मालपुवा.

'पीठ फुटले' याला आपल्याकडे फार सुंदर शब्द आहे. अनारसा तुपात विरघळून पसरला की आपण म्हणतो, अनारसा हसला. अनारशात गूळ किंवा ओल जास्त झाली की तो हसतो आणि उपाय म्हणून त्यात कोरडी तांदळाची पिठी मळतात. पुष्करचा हलवाई मैद्याची मूठ घालून तेच करत होता. मालपुव्याच्या पिठातही साखर जास्त पडली की तो हसतो. म्हणून पिठात साखर नाममात्र आणि गोडी बाहेरून, पाकाने.

घरी करायचे तर माझा हिशेब असा. एक लिटर म्हशीचे दूध आटवून अर्धा लिटर करावे आणि कोमट होऊ द्यावे. त्यात साधारण १०० ग्रॅम मैदा, एक चमचा साखर आणि जाडसर कुटलेली बडीशेप. गुठळी राहू देऊ नये आणि अर्धा तास झाकून ठेवावे. डाव उलटा केला तर त्याच्यावर पातळ थर राहावा, त्यातून बोट फिरवले की रेघ उमटावी, आणि धार न तुटता पडावी. बासुंदीपेक्षा किंचित दाट, धिरड्याच्या पिठापेक्षा पातळ.

आता जाळी का पडते ते सांगते, कारण कारण कळले की आच आपोआप कळते. तुपात पीठ पडले की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वर फुटून निघते. मधे पीठ जाड असल्याने भोक पुन्हा बुजते. कडेला थर इतका पातळ, की भोक पडते तेव्हाच भोवतीचे पीठ वाळून घट्ट होते आणि भोक तसेच राहते. म्हणजे पिठाला आधी पसरायला वेळ हवा आणि मग लगेच घट्ट व्हायला आच हवी. तूप धुरावलेले असेल तर पीठ पडल्या जागीच फुगून बसते, पसरतच नाही. आणि आटीव दुधातल्या साखरेमुळे कड काळपट होते, मध्य कच्चा राहतो. तूप थंड असेल तर पीठ पसरत राहते, तूप पिते आणि मऊ, तेलकट फडके हाती येते. थर्मामीटर असेल त्यांनी १५० ते १६० अंश सेल्सिअस धरावे. नसेल त्यांनी थेंबभर पीठ टाकावे: ते तळाशी जाऊन सावकाश वर आले आणि भोवती बारीक बुडबुडे धरले तर आच बरोबर. टाकताच उसळून तपकिरी झाले तर कढई उतरवून जरा थांबावे.

पीठ जवळून, एकाच जागी, मध्यावर ओतावे. वरून ओतले तर तूप उडते आणि आकार वेडावाकडा होतो. ओतल्यावर हलवू नये. इथे हात शिवशिवतात. सुरुवातीला मोठा फेस येतो. तो ओसरला आणि कड सोनेरी होऊन सुटी हलू लागली की उलटावे. त्याआधी उलटले तर झालर मोडते. दर दोन-तीन मालपुव्यांनंतर तुपातले सुटे कण झाऱ्याने काढावेत, नाहीतर ते जळून पुढच्याच्या जाळीत अडकतात आणि कडू लागतात. काढताना दोन झाऱ्यांमध्ये हलके दाबून तूप निथळून घ्यावे. तूप भरलेल्या भोकात पाक शिरत नाही.

वहिनींना मी सांगितले, की शब्द विहीणबाईंचा, पण अपूप म्हणजे एका पाककृतीचे नाव नव्हे. पीठ, तूप आणि गोडी यांच्या एका कुळाचे ते नाव आहे. तुपात तळलेला आणि जाळी पडणारा म्हणून अनारसाही त्याच कुळातला. कोकण-देशावर तांदूळ आणि गूळ हाताशी, म्हणून आपला अपूप तांदळाचा झाला. त्यांनी दोन्ही पाठवले. अनारसे ३३ आणि मालपुवे विहीणबाईंनी सांगितले तेवढे. सांगितले तेवढे म्हणजेही ३३.

मालपुवे पाठवताना पाकाचे अवघड असते. अर्धा किलो साखरेला पाव लिटर पाणी, केशर, वेलची. उकळून बोटाला चिकट लागला, पण तार धरायच्या आत, की उतरवायचा. पातळ पाक झालरीला भिजवून लोळागोळा करतो, तारेच्या पुढे गेलेला आत शिरत नाही आणि वर साखर होऊन बसतो. पाक बोट सोसवेल इतका गरम आणि मालपुवा तुपातून नुकता निघालेला असावा. एका मिनिटाच्या आत बाहेर. मधला भाग तेवढ्यात रस पितो, कडेला नुसता लेप बसतो. तरीही ती कुरकुरीत कड दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही. म्हणून आम्ही मालपुवे कोरडे डब्यात भरले, पाक बरणीत वेगळा दिला आणि जावईबापूंना बजावले, की तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी गरम करा, पाकही गरम करा आणि जेवायला बसल्यावरच बुडवा.