सीटी स्कॅनचा डोस ६ की ६०००? रेडिएशनचा आकडा वाचायचा कसा?

समजा, तुमच्या आईच्या छातीचा सीटी स्कॅन झाला. रेडिएशन किती गेलं, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "साधारण ६ मिलिसिव्हर्ट." घरी येऊन कुणीतरी मोबाईलवर हिशेब केला आणि आकडा आला ६०००. आईची झोप उडाली. पण दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि डोस एकच आहे!

मिलिचं मायक्रो कसं करायचं?

१ मिलिसिव्हर्ट (mSv) म्हणजे १००० मायक्रोसिव्हर्ट (µSv). म्हणून मिलिच्या आकड्याला १००० ने गुणायचं:

६ × १००० = ६००० µSv

उलट करायचं असेल तर १००० ने भागायचं. ६ मीटर कापडाला ६००० मिलिमीटर म्हटलं, म्हणून कापड वाढत नाही. तसंच हे.

गोंधळ कुठे होतो?

छातीच्या एका साध्या एक्स-रेचा डोस साधारण २० मायक्रोसिव्हर्ट असतो. आता '२०' आणि '६' शेजारी ठेवले, तर एक्स-रेच जास्त धोक्याचा वाटेल. एकक सारखं केलं की चित्र उलटतं: एक्स-रे २०, सीटी ६०००. म्हणजे सीटीचा डोस सुमारे ३०० पट. म्हणून तुलना करण्याआधी m आहे की µ, हे बघा. काही ठिकाणी µ ऐवजी u लिहितात, uSv असं.

मग ६००० म्हणजे खूप झालं का?

माती, खडक, हवा, अन्न आणि अवकाशातून येणारं नैसर्गिक रेडिएशन आपल्या सगळ्यांना मिळतच असतं. त्याची जागतिक सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे २४०० मायक्रोसिव्हर्ट आहे. त्या हिशेबाने हा स्कॅन म्हणजे साधारण अडीच वर्षांचं नैसर्गिक रेडिएशन. एवढ्या डोसमुळे कॅन्सरचा धोका वाढलाच, तर तो फार थोडा वाढतो, असं मानलं जातं. तरी तो शून्य धरत नाहीत. त्यामुळेच गरज असेल तरच सीटी करतात.

रिपोर्टवर ४३० लिहिलंय, ते काय?

सीटीच्या डोस रिपोर्टवर बऱ्याचदा सिव्हर्ट नसतंच. तिथे DLP 430 mGy·cm असं काहीतरी दिसतं. हे ४३० मिलिसिव्हर्ट नव्हेत. प्रौढ व्यक्तीच्या छातीसाठी या आकड्याला साधारण ०.०१४ ने गुणतात:

४३० × ०.०१४ = सुमारे ६ mSv

डोकं, पोट किंवा लहान मुलांसाठी हा गुणक वेगळा असतो, म्हणून सगळीकडे ०.०१४ वापरू नका.

हा हिशेब सरासरी शरीराचा अंदाज आहे, आईच्या शरीराचं नेमकं मोजमाप नाही. स्कॅन का हवा होता आणि त्याऐवजी सोनोग्राफी किंवा एमआरआय चाललं असतं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. त्या दोन्ही तपासण्यांत असं रेडिएशन नसतं.