दरपत्रक मागणी

एकाच कामासाठी किंवा मालासाठी अनेक पुरवठादारांकडून लेखी दर मागवणारे पत्र. व्यवहारात याला ‘कोटेशन मागवणे’ म्हणतात. आलेली दरपत्रके शेजारी शेजारी ठेवून तुलनात्मक तक्ता करता यावा, अशा रीतीने हे पत्र लिहिणे अपेक्षित असते.

गृहनिर्माण सोसायटीच्या बाहेरच्या रंगकामाचे उदाहरण घेऊ. ‘इमारत रंगवण्याचा दर कळवा’ एवढेच लिहिले, तर समजा अशी उत्तरे येतात. पहिला ठेकेदार परांचीसह चौरस फुटाला २४ रुपये सांगतो. दुसरा २० रुपये सांगतो, पण परांचीचे ६०,००० वेगळे लावतो. दोघांचाही जीएसटी वेगळा आहे. तिसरा करासह एकरकमी ३,३०,००० लिहितो. १२,००० चौरस फूट क्षेत्र आणि १८ टक्के जीएसटी धरला, तर पहिल्याचे ३,३९,८४० आणि दुसऱ्याचे ३,५४,००० होतात; म्हणजे २० रुपयांचा दर २४ रुपयांच्या दरापेक्षा महाग पडतो. तिसऱ्याची रक्कम सर्वांत कमी दिसते, पण त्याने रंगाचे किती हात धरले आहेत हे कळत नाही. त्यामुळे ती तक्त्यात घेताच येत नाही.

म्हणून मोजमाप मागणाऱ्यानेच करून द्यावे. खिडक्यांची जागा वजा करायची की नाही हे ठेकेदारावर सोपवले, तर प्रत्येकाचे क्षेत्रफळ वेगळे निघते. पत्रासोबत कोरा दरतक्ता जोडावा. त्यात धुलाई, तडे भरणे, प्रायमरचा एक हात, ठरलेल्या प्रतीच्या रंगाचे दोन हात, परांची आणि कर यांच्या स्वतंत्र ओळी असाव्यात, म्हणजे ठेकेदाराला फक्त दर भरायचे राहतात. आगाऊ रक्कम, कामाची मुदत आणि दर किती दिवस कायम राहील याही अटी सर्वांना सारख्याच द्याव्यात. एकाने शंका विचारली तर तिचे उत्तर सगळ्यांना लेखी कळवावे. इथे अनेक सोसायट्या फोनवर बोलून मोकळ्या होतात आणि प्रत्येक ठेकेदार वेगळेच काम डोळ्यांपुढे ठेवून दर भरतो.

काही काम आधी मोजता येत नाही. ठोकून पाहिल्यावर पोकळ आवाज देणारा गिलावा किती निघेल, हे परांची चढल्यावरच नक्की कळते. अशा कामाची ओळ ‘लागेल तसे’ म्हणून सोडली, तर तिथला दर एकूण रकमेत येत नाही आणि ठेकेदार तो हवा तेवढा लिहू शकतो. त्याऐवजी अंदाजे ५०० चौरस फूट असे परिमाण द्यावे आणि बिल प्रत्यक्ष मोजमापानुसार होईल असे नमूद करावे. अंदाज फार चुकला तर ठेकेदारांचा क्रम बदलू शकतो. तेव्हा निर्णयापूर्वी हेच परिमाण दुप्पट धरून बेरीज पुन्हा करून पाहणे चांगले.