उष्ण-शीत संदेशचक्र

एखाद्याने काही दिवस भरभरून आपुलकीचे संदेश पाठवायचे, मग कारण न सांगता गप्प व्हायचे आणि पुन्हा जवळीक दाखवायची, अशी आवर्तने. त्यांची पकड अनियमित प्रबलनाच्या तत्त्वाने उलगडते. चार्ल्स फर्स्टर व बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कबुतरे बटणावर चोच मारून दाणे मिळवत. दर वेळी दाणा मिळण्याची सवय असलेले कबुतर दाणे थांबताच लवकर नाद सोडते. अधूनमधूनच मिळण्याची सवय असलेले मात्र कितीतरी वेळ टोचत राहते.

संदेशांतही हेच घडते. रोज रात्री गप्पा रंगतात आणि एके दिवशी निळ्या टिका उमटूनही उत्तर येत नाही. वाचणारी जुना संवाद वर सरकवत आपले कोणते वाक्य खटकले ते शोधते. आठवड्याने ‘जेवलीस का?’ एवढेच येते आणि राग विरघळतो. इथेच खरी मेख आहे: त्या सुटकेच्या भरात जाब विचारायचा राहतो आणि वाट पाहणेच फळले असे मन शिकते.

प्रत्येक शांतता मात्र चक्र नव्हे. कामात अडकलेला माणूस परतल्यावर तसे सांगतो, राहिलेल्या प्रश्नाला उत्तर देतो. चक्रात प्रश्न तसाच पडून राहतो आणि ऊब नेमकी समोरची व्यक्ती दूर जाऊ लागली की परतते. हे जाणूनबुजून केलेले असेलच असे नाही. जवळीक वाढली की बिचकणारी माणसेही असेच वागतात.