तरंगणारी अंडी, बुडणारी अंडी

विष्ठेच्या तपासणीत थेट काचपट्टीवर घेतला जाणारा नमुना जेमतेम २ मिलिग्रॅमचा असतो. रुग्णाच्या १ ग्रॅम विष्ठेत अंकुशकृमीची १०० अंडी असतील, तर या २ मिलिग्रॅममध्ये सरासरी ०.२ अंडे येते. म्हणजेच पाचांपैकी साधारण चार काचपट्ट्यांवर एकही अंडे दिसत नाही आणि संसर्ग असूनही अहवाल ‘नकारात्मक’ येतो. अंडी आधी एकत्र गोळा करण्याची गरज यातूनच निर्माण झाली.

पहिला मार्ग तरंगण्याचा होता. अंकुशकृमीच्या अंड्याची सापेक्ष घनता सुमारे १.०५ असते, तर मिठाच्या संपृक्त द्रावणाची १.२०. त्यामुळे अंडी वर येतात. १९२१ मध्ये विलिस यांनी ऑस्ट्रेलियात सोपी रीत मांडली. विष्ठा मिठाच्या द्रावणात कालवायची, भांडे काठोकाठ भरायचे, त्यावर काचपट्टी टेकवायची आणि काही मिनिटांनी ती सरळ वर उचलून पाहायची. भारतात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये अंकुशकृमीचा अभ्यास केलेल्या क्लेटन लेन यांनी याला अपकेंद्रित्राची जोड दिली. त्यांच्या नळीचा काठ घासून सपाट केलेला असे, त्यावर आच्छादन-काच ठेवूनच नळी फिरवली जाई आणि अंडी थेट काचेला चिकटत.

मात्र मिठाला मर्यादा होत्या. गोलकृमीची अफलित अंडी आणि झाकणाची अंडी नीट तरंगत नाहीत. आदिजीवांच्या सिस्ट तीव्र द्रावणात आकसून ओळखण्यापलीकडे जातात. वर काहीच दिसले नाही, याचा अर्थ खाली काहीच नाही असा होत नाही. १९३८ मध्ये फाउस्ट आणि सहकाऱ्यांनी १.१८ घनतेचे झिंक सल्फेट वापरले. सिस्ट त्यावर तरंगू लागल्या, पण जड अंड्यांचा प्रश्न तसाच राहिला.

१९४८ मध्ये रिची यांनी विचारच उलटा केला. अंडी वर आणण्याऐवजी त्यांनी चरबी व घाण वर ढकलली. फॉर्मेलिनमध्ये कालवून गाळलेल्या नमुन्यात ईथर घालून नळी जोरात हलवायची आणि फिरवायची. नळीत चार थर दिसतात: वर ईथर, त्याखाली घाणीचे बूच, मग फॉर्मेलिन आणि तळाशी अंडी व सिस्ट असलेला गाळ. बूच काडीने कडेने सोडवून वरचे द्रव एका झटक्यात ओतून टाकायचे. इथे हात अडखळला, तर घाण पुन्हा गाळात मिसळते. ईथर ज्वालाग्राही असल्याने पुढे त्याची जागा इथाइल ॲसिटेटने घेतली.

आता सुरुवातीचाच रुग्ण पाहू. या रीतीने त्याची १ ग्रॅम विष्ठा तपासली आणि निम्मी अंडी वाटेत हरवली, तरी गाळात ५० उरतात. फॉर्मेलिनमुळे आदिजीवांची चल रूपे मात्र मरतात. त्यांच्यासाठी ताज्या विष्ठेची काचपट्टी आजही आधी पाहावी लागते.