शैलीतील आकस्मिक बदल : संकेत आणि त्याच्या मर्यादा

एखाद्या विद्यार्थ्याच्या लागोपाठच्या दोन स्वाध्यायांत शब्दसंग्रह आणि वाक्यरचना एकाएकी बदललेली आढळली, तर दुसरा स्वाध्याय अन्य कोणी लिहून दिला असावा, अशी शंका घेतली जाते. उपलब्ध मजकुराशी ताडून पाहणाऱ्या संगणकीय तपासणीत नव्याने लिहून घेतलेले लेखन सापडत नाही. तेथे हा संकेत उपयोगी पडतो.

या तुलनेत भारदस्त शब्दांपेक्षा लेखकाच्या नकळत येणारे लहान शब्द अधिक बोलके ठरतात. ‘फेडरलिस्ट’ या अमेरिकी लेखमालेतील 12 वादग्रस्त लेखांचे कर्तृत्व मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये अशाच शब्दांच्या वारंवारितेवरून मॅडिसनकडे दिले. मात्र तेथे दोन्ही संभाव्य लेखकांचे एकाच प्रकारचे विपुल लेखन हाताशी होते. वर्गातील शिक्षकाकडे ते क्वचितच असते.

समजा, एका विद्यार्थिनीने वर्गात बसून आजीविषयी 250 शब्दांचा निबंध लिहिला. त्यात सरासरी वाक्य 10 शब्दांचे असून ‘पण’, ‘आणि’, ‘म्हणून’ ही अव्यये आहेत. महिन्याभराने तिने नदीप्रदूषणावर 1000 शब्दांचा प्रकल्प दिला. त्यात सरासरी 20 शब्दांची वाक्ये आणि ‘परंतु’, ‘व’, ‘परिणामी’ ही अव्यये आहेत. शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु पहिले लेखन आठवणींचे, दुसरे ग्रंथाधारित. संदर्भग्रंथांची भाषा विद्यार्थ्याच्या लेखणीत सहज उतरते. तिच्याच गेल्या वर्षीच्या ग्रंथाधारित अहवालात सरासरी 18 शब्दांची वाक्ये आणि तीच अव्यये आढळली, तर बदल लेखकाचा नसून लेखनप्रकाराचा असण्याची शक्यता बळावते. शिवाय 250 शब्दांत ‘परंतु’ एकदाही न येणे हा निव्वळ योगायोग असू शकतो.

घरी कोकणी बोलणारा विद्यार्थी परीक्षेत बोलीच्या वळणाने लिहितो आणि घरी शब्दकोश घेऊन प्रमाण मराठी लिहितो. शैली बदलते, लेखक तोच असतो. उलट, जो पहिल्या स्वाध्यायापासून एकाच व्यक्तीकडून लिहून घेतो, त्याच्या लेखनात बदल दिसतच नाही. अशा रीतीने हा संकेत निरपराध्याकडे बोट दाखवू शकतो आणि दोषी त्यातून निसटू शकतो.

म्हणून शैलीबदल हा चौकशीचा आरंभ मानावा, निष्कर्ष नव्हे. प्रथम एकाच प्रकारचे लेखन शेजारी ठेवावे. मग कच्चे खर्डे व टिपणे मागवावीत आणि विद्यार्थ्याशी दहा मिनिटे बोलावे : हा शब्द येथे का योजला, कोणता परिच्छेद गाळला, हे आकडे कोठून घेतले? स्वतः लिहिणाऱ्याला यांपैकी बरेच सांगता येते. तो बुजरा असेल, तर हेच प्रश्न लेखी द्यावेत. कारण अडखळणे हाही पुरावा नव्हे.