प्यादेमात आणि एकच वाट

बुद्धिबळातल्या मांडणीच्या कोड्यांबद्दल आज थोडे बोलायचे आहे. पट मांडलेला असतो, खाली एक ओळ असते : ‘पांढऱ्याची खेळी, दोन खेळ्यांत मात’. आमच्या साकोलीकडे जुने खेळाडू वजिराने केलेल्या मातीपेक्षा प्याद्याने केलेल्या मातीला अधिक मान देत. त्या आवडीचा धागा या कोड्यांच्या इतिहासातही सापडतो.

१८१४ साली मुंबईत बुद्धिबळावर एक इंग्रजी पुस्तक निघाले. कर्ते तिरुवेंगडाचार्य शास्त्री. मूळ संस्कृतातल्या मांडण्या त्यांनी युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून दिल्या. काही मांडण्यांत नुसती मात नव्हे, प्याद्यानेच मात करावी अशी अट होती. म्हणजे वाट अरुंद करण्याचे काम अट करीत असे. पुढे शिस्त बदलली. अट साधी ठेवायची आणि वाट पटावरच्या सोंगट्यांनीच अरुंद करायची. पहिली खेळी एकच असली पाहिजे. दुसरीही निघाली, तर कोडे बाद.

दिल्लीहून ‘शागीर्द’ या टोपणनावाने आलेले एक कोडे १८४५ मध्ये लंडनच्या मासिकात छापले गेले. रचणारे होते पाद्री हेन्री लव्हडे. ‘इंडियन प्रॉब्लेम’ म्हणून ते जगभर गाजले. कल्पना अपूर्व होती, पण एकाहून अधिक वाटांनी ते सुटत असे. कल्पना सुचणे आणि ती बंदिस्त करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्यातून दिसते.

दुसरे काम कसे होते ते एका लहान कोड्यात पाहू. अमेरिकेचा पॉल मॉर्फी याच्या नावावरचे हे कोडे १८५६ मध्ये छापून आले. पट घ्या आणि मांडा. पांढरा राजा सी८, हत्ती ए१, प्यादे बी६. काळा राजा ए८, उंट बी८, प्यादी ए७ आणि बी७. दोन्ही मिळून सातच सोंगट्या.

आता रचनाकाराप्रमाणे शेवटाकडून मागे या. शेवटी हवी आहे प्यादेमात : पांढरे प्यादे बी७ वर येऊन राजाला शह देते. त्याला पांढऱ्या राजाचा आधार आहे, म्हणून ते मारता येत नाही. काळ्या राजाची उरलेली दोन घरे त्याच्याच उंटाने आणि प्याद्याने अडवलेली आहेत. अडचण एकच, बी७ वर काळे प्यादे बसले आहे. त्याला हलवायचे तर खायला काहीतरी दिले पाहिजे. म्हणून पहिली खेळी : हत्ती ए६! आख्खा हत्ती प्याद्याच्या तोंडी.

काळ्याने तो मारला, की बी७ मोकळे, प्यादे पुढे आणि मात. पण त्याने मारलाच नाही तर? ए७ चे प्यादे हलू शकत नाही. पुढे हत्ती आहे, आणि बी६ चे प्यादे मारायला ते बाजूला सरले तर राजा उघडा पडतो. उरतो उंट. तो कुठेही गेला तरी हत्ती ए७ मारून मात करतो. काळ्याला स्वस्थ बसता आले असते तर तो वाचला असता. खेळणे भाग आहे, हीच त्याची कोंडी.

आता चाचणी. या मांडणीत पांढऱ्याला पहिल्या खेळीत मोजून सोळा चाली आहेत. ए६ सोडून बाकी पंधरा तपासा. हत्ती ए२ ते ए५ पैकी कुठेही थांबला किंवा राजा हलला, तर काळे प्यादे ए७ वरून ए६ वर सरकते आणि कोंडी फुटते. हत्ती आडवा गेला, तर तेच प्यादे बी६ मारते. नंतर हत्तीने ए१ वरून शह दिला, तर उंट ए७ वर मध्ये येतो. हत्तीने किंवा प्याद्याने ए७ मारले, तर उंट परत मारतो आणि दुसऱ्या खेळीत मात होत नाही.

एकेक सोंगटी का आहे, हेही असेच कळते. काळा उंट उचलून ठेवा, हत्ती ए७ मारून एकाच खेळीत मात होते. उलट, पांढऱ्याला जी२ वर एक उंट जास्त द्या, तो बी७ मारून एकाच खेळीत मात करतो. दोन्हीकडे हत्तीचा बळी व्यर्थ ठरतो.

नवे रचणाऱ्याची हीच पद्धत असते. शेवटची मात आधी ठरवायची, तिच्यातला अडथळा शत्रूच्याच हाताने दूर करवायचा, आणि मग प्रत्येक चाल घेऊन ती काळ्याच्या कोणत्या उत्तराने फसते ते लिहून काढायचे. एखाद्या चालीसमोर उत्तर लिहिता आले नाही, तर तिथे दुसरी वाट आहे असे समजावे आणि सोंगटी हलवावी. सोळा चालींच्या या कोड्यात हे काम अर्ध्या तासाचे आहे. पटावर वजीर आले, की चाली कितीतरी वाढतात. म्हणून पहिले कोडे रचताना वजीर डब्यातच ठेवावा.