व्हिडिओ कॉलमधला मेणाचा चेहरा: गुळगुळीतपणा येतो कुठून आणि घालवायचा कसा

व्हिडिओ कॉलवर चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा दिसू लागला की बहुतेक जण ॲपच्या सेटिंगमध्ये शिरतात, सुंदर दिसण्याचे जे काही बटण सापडेल ते बंद करतात आणि तरीही गाल तसेच गुळगुळीत राहिले की वैतागून नाद सोडतात. बटण चुकलेले नसते. तोच परिणाम चार निरनिराळ्या ठिकाणी घडू शकतो: कॅमेऱ्याच्या स्वतःच्या प्रक्रियेत, फोनच्या किंवा संगणकाच्या प्रणालीत, कॉलच्या ॲपमध्ये आणि चित्र पलीकडे पाठवताना होणाऱ्या दाबणीत. म्हणून बटण शोधण्याआधी थर ओळखावा लागतो, आणि त्यासाठी हा फिल्टर काय करतो ते थोडे समजून घ्यावे लागते.

चेहरा मऊ करण्याच्या अनेक पद्धतींमागे जी कल्पना आहे तिचा मुंबईशी संबंध आहे. संगणकीय दृष्टीवरची आंतरराष्ट्रीय परिषद जानेवारी १९९८ मध्ये इथे भरली होती. कार्लो तोमासी आणि रोबेर्तो मांदुकी यांनी तिथे ‘बायलॅटरल फिल्टर’ मांडला. साधे धूसरीकरण प्रत्येक ठिपक्याच्या जागी शेजारच्या ठिपक्यांची सरासरी ठेवते, त्यामुळे सगळेच पुसट होते. या दोघांनी दुसरी अट घातली: शेजारी जवळचा तर हवाच, पण रंगाने आणि उजेडानेही मिळताजुळता हवा. तसा नसेल तर सरासरीत त्याला जवळजवळ किंमत नाही. परिणाम असा की पापणीची कड, नाकपुडीची कड, कपाळावरची टिकली जागच्या जागी रेखीव राहतात. त्वचेची रंध्रे, बारीक लव, डोळ्यांखालच्या फिकट सुरकुत्या मात्र सरासरीत विरून जातात. चित्रातला खरखरीतपणा काढायला केलेली ही युक्ती पुढे गालावर फिरली. आजची ॲपे नेमका हाच फिल्टर वापरतात असे नाही, पण कडा राखायच्या आणि मधले पोत घालवायचे हे तत्त्व तेच.

यातूनच अनैसर्गिकपणाची लक्षणे निघतात. ॲप आधी चेहरा शोधते आणि तेवढ्याच भागावर काम करते, त्यामुळे मान आणि हात खऱ्या त्वचेचे राहतात आणि चेहरा वेगळ्याच माणसाचा वाटतो. दाढीच्या खुंटांपाशी आणि केसांच्या रेषेपाशी ‘पोत’ कुठला आणि ‘कड’ कुठली हे ठरवताना फिल्टर अडखळतो. तोंडासमोरून हात गेला की क्षणभर चेहरा सापडत नाही आणि सुरकुत्या लुकलुकून परत येतात. काही फोनांमधला ब्यूटी परिणाम त्वचा उजळही करतो. सावळ्या माणसाला गोरे करून दाखवणारे यंत्र विचारल्याशिवाय चालू का असावे, हे मला कधीच पटलेले नाही.

आता थर ओळखण्याची कसोटी. वर्तमानपत्राचा तुकडा गालाला लावून धरा आणि स्वतःचे चित्र पाहा. अक्षरांच्या कडा कडक असतात, फिल्टर त्या तशाही राखेल. म्हणून पानावरच्या छायाचित्राचे बारीक ठिपके आणि शेजारी तळहाताच्या रेषाही पाहा. ते दोन्ही स्पष्ट आणि गाल सपाट असेल तर चेहऱ्यावरचा फिल्टर चालू आहे. सगळेच सारखे पुसट असेल तर फिल्टरला दोष देऊ नका: भिंग तेलकट आहे किंवा उजेड कमी आहे. मग तीच पाहणी दुसऱ्या ॲपमध्ये करा. एकाच ॲपमध्ये गाल सपाट असेल तर दोष त्या ॲपचा. दोन्हींत असेल तर त्याच्या खालच्या थराचा.

उदाहरण घेऊ. साताऱ्याच्या एका बाईंना गालावरच्या वांगासाठी आणि हनुवटीवरच्या पुरळासाठी त्वचारोगतज्ज्ञांना व्हॉट्सॲपवर दाखवायचे आहे. फिल्टर चालू असेल तर दोन्ही गोष्टी सारख्या बिघडत नाहीत. पुरळाचे बारीक दाणे थेट नाहीसे होतात. वांग मोठा असल्याने टिकतो, पण त्याची मुळातच फिकट असलेली कड आणखी विरघळते, आणि वरून उजळपणा असला तर डाग आहे त्यापेक्षा सौम्य भासतो. डॉक्टरांना ‘बरे होतेय’ असे वाटण्याचा धोका इथेच आहे.

बाईंनी कॉल चालू असताना परिणामांच्या चिन्हावर बोट ठेवून Touch up बंद करावे. कमी उजेडासाठीचा Low light पर्यायही बंद ठेवावा, कारण तो चित्र कृत्रिमरीत्या उजळतो. गाल अजूनही सपाट असेल तर गूगल मीट उघडून बघावे. तिथे Portrait touch-up बंद करूनही तोच गाल दिसला तर मूळ फोनमध्ये आहे. मग फोनच्या सेटिंगमधल्या शोधाच्या चौकोनात beauty किंवा video call असे टाइप करावे. काही कंपन्या व्हिडिओ कॉलसाठीचे सौंदर्यपरिणाम तिथे वेगळे ठेवतात, आणि नाव व जागा फोनागणिक बदलते. फोटो काढण्याच्या कॅमेरा ॲपमधली ब्यूटीची पट्टी शून्यावर नेऊन मात्र सहसा काही होत नाही. ती त्या ॲपपुरतीच असते. लोक सर्वांत जास्त वेळ इथेच घालवतात.

संगणकावर झूममध्ये व्हिडिओच्या सेटिंगमध्ये Touch up my appearance असते. टीम्समध्ये व्हिडिओ परिणामांत Soft focus. विंडोज ११ च्या काही नव्या लॅपटॉपांवर प्रणालीचेच Studio Effects असतात आणि ते सगळ्या ॲपांना लागू होतात. मॅकवर वरच्या पट्टीतल्या व्हिडिओच्या चिन्हाखाली Studio Light आणि Portrait सापडतात. ते त्वचा घासत नाहीत, पण पहिला चेहरा उजळून मागचे अंधारवतो आणि दुसरा पार्श्वभूमी धूसर करतो, म्हणून चेहरा कापून चिकटवल्यासारखा वाटू शकतो.

हे सगळे बंद केल्यावर जे उरते त्याला बटण नाही. अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याच्या चित्रात दाणे येतात, ते काढताना कॅमेरा त्वचेचा पोतही काढतो. उपाय दिव्याचा: खिडकीकडे पाठ न करता तोंड करून बसावे, दाणेच कमी येतात. दुसरी गोष्ट दाबणीची. आंतरजालाचा वेग कमी पडला की चित्रातला फिकट, बारीक तपशील आधी टाकला जातो, आणि त्वचेचा पोत नेमका तसाच असतो. आपल्या पडद्यावरचे स्वतःचे चित्र सहसा या दाबणीआधीचे असते, म्हणून आपल्याला चेहरा ठीक दिसतो आणि पलीकडच्याला मेणाचा. पलीकडच्याला विचारल्याशिवाय हे कळत नाही. व्हॉट्सॲपच्या Storage and data मध्ये Use less data for calls चालू असेल तर ते बंद करावे, आणि वाय-फायच्या जवळ बसावे.

तरीही कॉलचे चित्र हे तपासणीचे साधन म्हणून तोकडेच. साताऱ्याच्या त्या बाईंनी दिवसाच्या उजेडात मागच्या कॅमेऱ्याने, ब्यूटी बंद ठेवून, दोन फोटो काढावेत: एक पूर्ण चेहऱ्याचा, एक पुरळाचा जवळून. ते फोटो म्हणून न पाठवता Document म्हणून पाठवावेत, म्हणजे व्हॉट्सॲप त्यांना दाबत नाही आणि डॉक्टरांना दाणे मोजता येतात.